ब्रेसेस किंवा अलाइनर चालू असताना दर महिन्याचा फोटो काय दाखवतो, काय दाखवत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बरेच पेशंट आपल्या हसण्याचे फोटो ओळीने लावून मोबाइलमध्ये ठेवतात आणि खुर्चीवर बसायच्या आधी तो मोबाइल माझ्यापुढे धरतात. मला ही सवय आवडते. पण त्या फोटोंवरून काढलेले निष्कर्ष पुष्कळदा चुकीचे असतात. कधी उगाच काळजी केली जाते, तर कधी उगाच समाधान मानलं जातं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

पहिल्या चार-पाच महिन्यांत फोटोत खूप फरक दिसला. त्यानंतरचे फोटो सगळे सारखेच आहेत. उपचार थांबलाय का?

बहुतेक वेळा थांबलेला नसतो. कामाची दिशा बदललेली असते, आणि नवी दिशा समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही.

सुरुवातीला पातळ, लवचिक निकेल-टायटेनियमची तार बसवतात. तिचं काम वेडेवाकडे दात एका रेषेत आणायचं. एखादा दात फिरलेला असतो, एखादा आत दबलेला, एखादा वर अडकलेला. ही हालचाल डावी-उजवीकडे, वर-खाली किंवा स्वतःभोवती होते, म्हणजे कॅमेऱ्याला समोरून दिसेल अशीच. शिवाय या टप्प्यात दाताचं मूळ फारसं न हलता वरचा भागच कलतो आणि कलणं लवकर होतं. त्यामुळे तीन महिन्यांपूर्वीचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

पुढे जाड, चौकोनी छेदाची स्टीलची तार येते. आता मोकळ्या जागा बंद करणं, पुढे आलेले दात मागे नेणं, मुळं सरळ करणं आणि दाढांचा चावा जुळवणं ही कामं सुरू होतात. यातलं जवळजवळ सगळं एकतर कॅमेऱ्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने होतं, नाहीतर हिरडीच्या आत. उपचाराचा बराच मोठा काळ याच कामात जातो आणि नेमक्या त्याच काळात फोटो गप्प असतात.

एखादं उदाहरण आकड्यांसह सांगाल का?

जरूर. ही केस कुणा एका पेशंटची नाही, पण अशा केसेस नेहमीच्या असतात.

वरचे समोरचे दात पुढे आलेले आहेत आणि थोडी गर्दीही आहे. वरच्या दोन्ही बाजूंची पहिली उपदाढ काढली, तेव्हा प्रत्येक बाजूला सुमारे ७ मिलिमीटर जागा मिळाली. पहिल्या सहा महिन्यांत दात रेषेत आणताना त्यातली प्रत्येकी २ मिलिमीटर वापरली गेली. हा भाग फोटोत सुंदर दिसला. आता प्रत्येक बाजूला ५ मिलिमीटर जागा उरली आहे आणि वरचे समोरचे दात खालच्या दातांच्या ७ मिलिमीटर पुढे आहेत. या पुढे असण्याच्या अंतराला आम्ही ओव्हरजेट म्हणतो.

जागा बंद होण्याचा वेग महिन्याला १ मिलिमीटरपर्यंत, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. महिन्याला ०.८ मिलिमीटर धरला तर ५ मिलिमीटरला सहा महिने लागतात. या काळात समोरचे दात समजा ३.५ मिलिमीटर मागे गेले आणि ओव्हरजेट ७ वरून ३.५ वर आला. चेहऱ्याच्या दृष्टीने हा संपूर्ण उपचारातला सगळ्यात मोठा बदल. ओठ मिटायला लागतात, बाजूने पाहिलं तर चेहरा वेगळा दिसतो.

समोरच्या फोटोत काय दिसेल? कॅमेरा ४० सेंटिमीटरवर आहे. दात त्याच्यापासून ३.५ मिलिमीटर लांब गेले, म्हणजे अंतर एक टक्काही वाढलं नाही. फोटोत समोरचा मोठा दात २०० पिक्सेल रुंद असेल तर तो आता १९८ पिक्सेल दिसेल. कोणाच्याही डोळ्याला हे कळणार नाही. उपदाढेची जागा सुळ्याच्या मागे असते आणि हसताना तिथे तोंडाच्या कोपऱ्याची सावली असते, त्यामुळे ती जागा मिटत चालल्याचंही समोरून धड दिसत नाही. सहा महिने काम व्यवस्थित झालं आणि फोटो मात्र म्हणतो, काहीच झालं नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ५ मिलिमीटरची जागा दोन रीतींनी मिटू शकते. पुढचे दात ३.५ मागे आले आणि दाढा १.५ पुढे सरकल्या, ही एक. पुढचे दात फक्त २ मागे आले आणि दाढा ३ मिलिमीटर पुढे सरकल्या, ही दुसरी. दुसऱ्या प्रकारात जागा संपते, पण ओव्हरजेट ५ मिलिमीटर उरतो आणि तो कमी करायला जागाच शिल्लक नसते. या दोघांचा हसरा फोटो जवळपास एकसारखाच असेल. ‘फट बंद झाली’ एवढंच फोटोत पाहून खूश होण्यात हा धोका आहे. फट कुठल्या बाजूने बंद झाली, ते पाहावं लागतं.

मग ते घरी कसं पाहायचं?

बाजूचा फोटो काढा. दाढा पूर्ण मिटून, गाल बोटाने किंवा प्लास्टिकच्या रिट्रॅक्टरने मागे ओढून. वरच्या सुळ्याचं टोक खालच्या दातांच्या तुलनेत कुठे येतं ते पाहा. व्यवस्थित जुळलेल्या चाव्यात ते खालचा सुळा आणि त्यामागची उपदाढ यांच्या मधल्या खाचेत येतं. पुढे आलेल्या दातांच्या केसमध्ये वरचा सुळा सुरुवातीला त्या खाचेच्या बराच पुढे असतो. महिन्यागणिक तो खाचेकडे सरकतोय का, हे या फोटोत दिसतं. वर सांगितलेल्या सहा ‘रिकाम्या’ महिन्यांची प्रगती कुठल्या एका घरगुती फोटोत उमटत असेल, तर ती यात.

मात्र इथेही कोन सांभाळायला हवा. कॅमेरा उपदाढांच्या अगदी समोर हवा. तो थोडा पुढून, तोंडाच्या कोपऱ्याकडून धरला तर वरचे दात खालच्यांपेक्षा बाहेरच्या बाजूला असल्यामुळे ते असतात त्याहून मागे गेलेले वाटतात आणि चावा खोटाच सुधारलेला दिसतो. गाल पुरेसा ओढला नाही की हमखास हेच होतं, कारण मग कॅमेऱ्याला पुढूनच वाट मिळते. ओळखायची खूण अशी की शेवटच्या दाढा नीट दिसत नसतील आणि समोरचे दात मोठे दिसत असतील, तर फोटो पुढून काढलेला आहे. तो तुलनेला घेऊ नका.

फोटो किती दिवसांनी काढावेत?

महिन्यातून एकदा. ब्रेसेस असतील तर तार बदलायच्या किंवा आवळायच्या भेटीच्या आदल्या दिवशी, अलाइनर असतील तर ट्रे बदलायच्या दिवशी. म्हणजे प्रत्येक फोटो चक्राच्या त्याच टप्प्यावर येतो.

आठवड्याला फोटो काढून उपयोग नाही आणि त्याचं कारण साधं आहे. अलाइनरचा एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवायच्या हिशोबाने बनवलेला असतो. हातात धरलेल्या मोबाइलचा कोन दोन फोटोंमध्ये जेवढा बदलतो, त्याने यापेक्षा मोठा फरक सहज दिसतो. मग तुम्ही दात पाहत नसता, हाताचं हलणं पाहत असता. शिवाय दात रोज सारख्या वेगाने सरकत नाही. ताण बसल्यावर तो थोडा हलतो, मग मुळाभोवतीच्या हाडात बदल होईपर्यंत काही आठवडे थबकल्यासारखा राहतो आणि नंतर पुन्हा सरकतो. त्या थबकण्याच्या आठवड्यातले दोन फोटो पाहून घाबरलेले मेसेज मला येतात.

फोटो कसा काढला म्हणजे तुलना करता येईल?

अंतर आणि कोन या दोनच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या आहेत.

मोबाइल जवळ नेऊन सेल्फी काढू नका. १५ सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत, समोरच्या दातांपेक्षा साडेतीन सेंटिमीटर मागे असलेली दाढ सुमारे १९ टक्के लहान दिसते. ४० सेंटिमीटरवरून तीच ८ टक्के लहान दिसते. म्हणजे जवळून जबडा अरुंद आणि टोकदार दिसतो, लांबून रुंद दिसतो. पहिला फोटो हात आखडून काढला आणि सहावा हात लांब करून, तर ‘जबडा रुंद झाला’ असं वाटेल, प्रत्यक्षात रुंदावला असेल वा नसेल. मागचा कॅमेरा, ४० सेंटिमीटरच्या आसपास अंतर आणि दुप्पट झूम, हे जुळवून ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाला काढायला सांगा, नाहीतर मोबाइल ठराविक जागी टेकवून टायमर लावा.

कोनासाठी डोळे समोर, मान सरळ, दोन्ही कान सारखे दिसतील असं बसा आणि लेन्स दातांच्या उंचीला ठेवा. प्रकाश दर वेळी एकाच बाजूने येऊ द्या. सौंदर्य वाढवणारे फिल्टर बंद ठेवा, ते दातांच्या कडा गुळगुळीत करतात.

दर महिन्याला चार फोटो पुरतात: हसरा, दाढा मिटून आणि ओठ बाजूला ओढून समोरचा, आणि तसाच डावीकडचा व उजवीकडचा. एकच काढायचा असेल तर हसरा सोडून ओठ बाजूला ओढलेला काढा. हसताना वरचा ओठ प्रत्येक वेळी वेगवेगळा उचलला जातो, त्यामुळे हसरा फोटो दातांपेक्षा ओठांचीच नोंद जास्त करतो.

मागच्या महिन्यात मिडलाइन जुळलेली होती. या महिन्यात ती सरकलेली दिसतेय. दात उलटे गेले का?

मान किती वळली होती ते आधी तपासा. मिडलाइन म्हणजे समोरच्या दोन मधल्या दातांमधली उभी रेषा. वरची मधली रेषा आणि खालची मधली रेषा एकाच पातळीवर नसतात, त्यांच्यामध्ये ओव्हरजेटएवढं अंतर असतं. पुढे असलेली वस्तू आणि मागे असलेली वस्तू तिरक्या नजरेने पाहिली की एकमेकींच्या तुलनेत सरकलेल्या दिसतात, तसं हे.

वरच्याच केसमध्ये ओव्हरजेट ७ मिलिमीटर असताना मान फक्त ५ अंश वळली तर मिडलाइन ०.६ मिलिमीटर सरकलेली दिसते. १० अंश वळली तर १.२ मिलिमीटर. पाच अंश म्हणजे इतकं थोडं की फोटो काढताना लक्षातही येत नाही.

यातून एक गमतीशीर भास होतो. ओव्हरजेट निम्मा झाला की तेवढीच मान वळली तरी सरकणं निम्मंच दिसतं. मिडलाइनला कोणी हातही लावलेला नसताना सहा महिन्यांच्या फोटोंत ती हळूहळू ‘सुधारत’ जाते. ओव्हरजेट कमी झाला ही बातमी खरी असते, मिडलाइनची मात्र खोटी.

मिडलाइन खरंच पाहायची असेल तर ओठ बाजूला ओढलेल्या फोटोत दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्याच दिसतात का ते आधी बघा. एका बाजूला दुसरी दाढ दिसते आणि दुसऱ्या बाजूला उपदाढेवरच फोटो संपतो, म्हणजे मान वळलेली आहे.

इलास्टिक, म्हणजे रबर बँड, घालायला दिलेले असतील तर आणखी एक शक्यता असते. फक्त एका बाजूचं रबर नियमित घातलं गेलं तर मिडलाइन खरोखर त्या बाजूच्या ओढीने सरकते. सलग तीन महिन्यांच्या नीट काढलेल्या फोटोंत ती एकाच दिशेने जात असेल तर डॉक्टरांना सांगा आणि रबर किती तास घालता तेही खरं सांगा.

वरचे दात खालच्या दातांना जास्त झाकायला लागलेत असं वाटतं. खरं असेल का?

कॅमेरा वर धरला असेल तर तसं दिसणारच. वरून पाहिलं की पुढे असलेल्या वरच्या दातांची कड खालच्या दातांवर आणखी खाली उतरलेली वाटते. खालून पाहिलं तर उलट, झाकणं कमी होतं. हसण्याची कमानही तशीच फसवते: वरून घेतलेल्या फोटोत ती गोलाई दाखवते, खालून घेतलेल्यात सपाट होते. लेन्स दातांच्या उंचीला ठेवून पुन्हा काढा. तरीही फरक दिसला तर मात्र तो गंभीरपणे घ्या, कारण समोरचे दात मागे नेताना ते खाली लोंबू शकतात आणि त्यावर डॉक्टरांना तारेत उपाय करावा लागतो.

सेल्फीत वाकडा दात कधी डावीकडे दिसतो, कधी उजवीकडे. असं का?

पुढचा कॅमेरा आरशासारखी प्रतिमा दाखवतो. काही मोबाइल ती तशीच साठवतात, काही उलटी करून, आणि हे सेटिंगमध्ये बदलता येतं. एखादी भरलेली दाढ किंवा एका बाजूलाच असलेला हूक खूण म्हणून धरा.

फोटोवरून मिलिमीटर मोजता येतात का?

एका मर्यादेपर्यंत येतात. पट्टी लावून मोजण्यापेक्षा गुणोत्तर वापरा. समजा दोन दातांमधली फट मोजायची आहे. त्याच फोटोत जवळच असलेल्या, न फिरलेल्या एका दाताची रुंदी स्क्रीनवर मोजा आणि फटीची रुंदी तिने भागा. दोन्ही एकाच फोटोत असल्यामुळे झूम कमी-जास्त झाला तरी गुणोत्तर बदलत नाही. समोरच्या मोठ्या दाताची रुंदी साधारण साडेआठ मिलिमीटर असते. फट त्याच्या चौथ्या भागाएवढी असेल तर ती दोन मिलिमीटरच्या आसपास.

मोजमापाचा दात निवडताना एक काळजी घ्या. जो दात अजून फिरतोय तो घेऊ नका. २० अंश फिरलेला दात समोरून सुमारे ६ टक्के अरुंद दिसतो, मग तो सरळ होत गेला की फट आपोआप लहान झाल्यासारखी वाटते. ब्रेसेस असतील तर दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटची रुंदी जास्त भरवशाची, कारण धातू झिजत नाही आणि ब्रॅकेट निखळला नाही तर तोच राहतो. त्याचाही दात फिरलेला नसावा, एवढंच.

अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या फरकावर विश्वास ठेवू नका. त्याहून बारीक मोजायचं तर तोंडात कॅमेरा फिरवून केलेलं डिजिटल स्कॅन लागतं. दोन स्कॅन एकमेकांवर बसवताना टाळूवरच्या वळ्यांचा आधार घेतात, कारण दात सरकले तरी त्या फारशा बदलत नाहीत. तुमच्या फोटोत असा न हलणारा संदर्भ नसतो. दात दातांच्याच तुलनेत मोजायचे आणि सगळेच हलताहेत, ही फोटोची मूळ अडचण आहे.

अलाइनर बरोबर बसतोय की नाही, हे फोटोवरून कळतं का?

हो. ट्रे घातलेला फोटो इथे ट्रे काढलेल्या फोटोपेक्षा खूप जास्त सांगतो, आणि बहुतेक जण तो काढतच नाहीत.

ट्रे धुवा, पुसून कोरडा करा, घाला आणि नीट दाबून बसवा. ओठ बाजूला ओढा आणि प्रकाश एका बाजूने येऊ द्या. आता दाताची कड आणि ट्रेचा तळ यांच्यामध्ये पाहा. ट्रे पूर्ण बसला असेल तर प्लास्टिक दाताला चिकटलेलं दिसतं. बसला नसेल तर दाताच्या कडेखाली पारदर्शक, चमकणारी रिकामी पट्टी दिसते. सगळ्यात आधी ती वरच्या बाजूच्या समोरच्या दाताखाली, म्हणजे मोठ्या दाताच्या शेजारच्या लहान दाताखाली दिसते. तो दात आकाराने लहान आणि गुळगुळीत असतो, ट्रेला त्याची पकड मिळत नाही, आणि त्याला खाली ओढायचं किंवा फिरवायचं असेल तर तो मागे राहतो.

नवीन ट्रे घातल्या दिवशी थोडी पट्टी दिसणं स्वाभाविक आहे. तो ट्रे संपायच्या दिवशीही ती तितकीच असेल तर दात ट्रेच्या मागे पडलाय. अशा वेळी पुढचा ट्रे घालू नका. पुढचा ट्रे आणखी पाव मिलिमीटर पुढच्या जागेसाठी बनलेला असतो, त्यामुळे पट्टी रुंदावत जाते आणि चार-पाच ट्रेनंतर तो दात ट्रेच्या पकडीतून पूर्ण सुटतो. फोटो डॉक्टरांना पाठवा. बहुतेक वेळा तोच ट्रे आणखी काही दिवस घालायला आणि मऊ चघळणी चावून तो दाबायला सांगतात. जास्त मागे पडला असेल तर नवीन स्कॅन करून पुढचे ट्रे पुन्हा बनवतात.

त्याच फोटोत अटॅचमेंट, म्हणजे दातावर चिकटवलेले दातांच्या रंगाचे छोटे उंचवटे, मोजून घ्या. एखादा निखळला असेल तर ट्रेमधला त्याचा कप्पा रिकामा दिसतो. ट्रे काढून पाहिलं तर हे लक्षात येत नाही, कारण उंचवट्याचा रंग दातासारखाच असतो.

एक गोष्ट कुठलाही फोटो सांगत नाही: ट्रे किती तास घातला. दिवसाला २० ते २२ तास अपेक्षित असतात. दात ट्रेच्या मागे पडण्याचं पहिलं कारण मी तिथेच शोधते.

समोरून दात अगदी सरळ दिसतात, पण जेवताना मागच्या दाढा टेकत नाहीत. फोटोत तर त्या मिटलेल्या दिसतात?

तुमच्या जाणिवेवर विश्वास ठेवा, फोटोवर नाही. दाढांमध्ये बारीक फट असेल तरी बाजूने पाहताना वरच्या दाढेचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेवर पडदा टाकतो आणि आतलं काही दिसत नाही. चावा खरंच टेकतो का, ते दवाखान्यात रंगीत पातळ कागद दातांमध्ये धरून पाहतात. टेकलेल्या जागी रंग उमटतो, न टेकलेल्या जागी दात कोरा राहतो.

अलाइनर घालणाऱ्यांमध्ये ही तक्रार नवीन नाही. वरचा आणि खालचा अशी प्लास्टिकची दुहेरी जाडी दिवसरात्र दाढांमध्ये असते आणि चावताना दाढांवर दाब येत राहतो, त्यामुळे त्या किंचित आत दबतात. समोरचे दात आधी टेकू लागले तरी मागे असंच होतं. काहींच्या बाबतीत ट्रे थांबल्यावर दाढा आपोआप खाली येऊन टेकतात, काहींना इलास्टिक किंवा जादा ट्रे लागतात. कुठला मार्ग घ्यायचा ते चावा तपासूनच ठरतं. म्हणून ‘फोटोत छान दिसतंय, आता थांबवूया’ असं ठरवण्याआधी कागदाची चाचणी करून घ्या.

अजून एक. फोटोसाठी पुष्कळ जण नकळत खालचा जबडा पुढे करतात, कारण तसं केल्यावर समोरचे दात जुळलेले दिसतात. फोटोच्या आधी एकदा आवंढा गिळा आणि मग दाढा मिटा. जबडा बऱ्याच अंशी आपल्या जागी येतो.

दाताच्या मुळांबद्दल फोटो काही सांगतो का?

जवळजवळ काहीच नाही, आणि माझ्या मते फोटोची ही सगळ्यात मोठी उणीव आहे. तुम्हाला दिसतो तो दाताचा वरचा भाग. त्याहून लांब मूळ हाडात असतं. जागा बंद करताना वरचा भाग कलून आधी पोहोचतो, मूळ मागे राहतं. फोटोत फट मिटलेली, दात रांगेत, सगळं संपल्यासारखं. एक्स-रेत मात्र काढलेल्या दाताच्या जागेच्या दोन्ही बाजूंची मुळं एकमेकांपासून फाकलेली दिसतात. ब्रेसेस त्या अवस्थेत काढले तर फट पुन्हा उघडण्याची शक्यता बरीच असते. म्हणून आणखी काही महिने मुळं समांतर करण्यात जातात. ‘दात तर सरळ झालेत, मग ब्रेसेस का काढत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. डॉक्टरांना तुमचा एक्स-रे दाखवायला सांगा, मुळांची दिशा तुम्हालाही ओळखता येईल.

दुसरी गोष्ट मुळं आखूड होण्याची. दात हलवताना मुळाच्या टोकाची थोडी झीज बहुतेकांमध्ये होते आणि ती क्षुल्लक असते. थोड्या जणांमध्ये ती जास्त होते. तिने दुखत नाही, दाताचा रंग बदलत नाही, फोटोत काही दिसत नाही. ती फक्त एक्स-रेत कळते, म्हणून अनेक डॉक्टर उपचार सुरू झाल्यावर सहा ते नऊ महिन्यांनी एक्स-रे काढून बघतात. झीज जास्त दिसली तर काही महिने दातांवरचा ताण थांबवतात. फोटो छान येताहेत म्हणून हा एक्स-रे टाळू नका.

हिरड्यांजवळ काळे त्रिकोण दिसायला लागलेत, आणि ब्रॅकेटभोवती पांढरं दिसतंय. काळजीचं आहे का?

काळे त्रिकोण अचानक तयार झाल्यासारखे वाटतात, पण बऱ्याचदा ते आधी एकमेकांवर चढलेल्या दातांमागे लपलेले असतात. दात सुटे झाले की हिरडीची मधली टोकं जागा भरायला पुरत नाहीत. मुळं समांतर झाल्यावर त्रिकोण काहीसा कमी होतो, कधी दातांच्या कडा किंचित घासून जवळीक वाढवतात. फोटो त्रिकोण दाखवतो, पण त्यामागे हाड कमी झालंय की फक्त दाताचा आकार तसा आहे, हे सांगत नाही. ते डॉक्टर हिरडी मोजून ठरवतात.

पांढऱ्या डागांच्या बाबतीत फोटो खरोखर उपयोगी आहे, फक्त दात कोरडा असला पाहिजे. ओल्या दातावर सुरुवातीचा डाग दिसत नाही. ब्रश करून दात पुसा आणि मग ब्रॅकेट व हिरडी यांच्या मधला भाग जवळून टिपा. चुन्यासारखी निस्तेज पट्टी दिसली तर ती दाताचं आवरण विरघळायला लागल्याची खूण आहे. फ्लॅशची चकाकी कोन बदलल्यावर जागा बदलते, डाग जागचा हलत नाही. घाण साचत राहिली तर असे डाग महिनाभरातही उमटतात, म्हणून पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.

दातांचा रंग वेगवेगळ्या दिवसांच्या फोटोंत ताडून पाहू नका, प्रकाशाने तो बदलतो. पण एकाच फोटोत एक दात शेजारच्यांपेक्षा करडा दिसत असेल तर तो दाखवा.

ब्रॅकेट निघालाय का, हे फोटोवरून डॉक्टरांना कळेल का?

नेहमी नाही. दातावरून सुटलेला ब्रॅकेट तारेत अडकून जागच्या जागी उभा राहतो आणि फोटोत धडधाकट दिसतो. स्वच्छ बोटाने किंवा चिमट्याने हळूच हलवा. तो तारेवरून सरकला किंवा गरगरला तर सुटलाय. अशा दाताची प्रगती थांबलेली असते आणि पुढच्या महिन्याच्या फोटोत तोच एक दात रेषेबाहेर दिसू लागतो. सलग दोन फोटोंत इतर दात पुढे गेले आणि एकच दात होता तिथेच राहिला, तर आधी ब्रॅकेट हलवून पाहा. फोटो पाठवण्याऐवजी हलवतानाचा छोटा व्हिडिओ पाठवा, त्यावरून लगेच निदान होतं.

ब्रेसेस निघाले. आता फोटो बंद केले तर चालेल का?

उलट, यानंतरचे फोटो जास्त कामाचे आहेत. ब्रेसेस निघाल्याच्या दिवशी चारही फोटो काढून ठेवा. दाताभोवतीचे तंतू नव्या जागेशी जुळायला काही महिने लागतात आणि हिरडीतले काही तंतू वर्षभरही दाताला जुन्या दिशेने ओढत राहतात. रिटेनर त्यासाठी असतो.

इथे हसरा फोटो सगळ्यात कमी उपयोगाचा. उपचारानंतर दात पुन्हा वेडेवाकडे व्हायला सुरुवात बहुधा खालच्या समोरच्या दातांपासून होते आणि हसताना ते वरच्या दातांमागे झाकलेले असतात. खालच्या दातांचा वरून फोटो काढा: तोंड मोठं उघडा, हनुवटी छातीकडे घ्या, खालचा ओठ बोटाने खाली ओढा आणि मोबाइल वरून धरा. दातांच्या कडा एका सलग कमानीत आहेत का ते पाहा. आतल्या बाजूला पक्की चिकटवलेली तार असेल तर ती प्रत्येक दाताला चिकटलेली आहे का, हेही नखाने तपासा. एका दातावरचा चिकटवलेला ठिपका सुटला तरी तार जागेवरच दिसते, आणि सुटलेला तो एकच दात काही आठवड्यांत कमानीबाहेर येऊ लागतो. पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांतून एकदा हा फोटो पुरे. कड रेषेबाहेर गेलेली दिसली किंवा रिटेनर घालताना एकाच दातावर आवळल्यासारखं वाटलं, तर त्याच आठवड्यात दाखवून घ्या.